बाळाची रांग

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एक जण बैठकीत नाही, हे आम्रपालीच्या जरा उशिरा लक्षात आलं. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा मुलगा होता, मुलाची आई होती, मध्यस्थ होते. मुलाच्या वडिलांची खुर्ची मात्र रिकामी. ट्रे ठेवून ती पोह्यांच्या बशा आणायला स्वयंपाकघरात परतली, तर ते तिथे ओट्याखाली गुडघ्यावर बसले होते आणि गॅसची नळी हातात धरून तिच्यावर छापलेली तारीख वाचत होते. बुटके, टक्कल पडलेले, खिशाला दोन पेनं.

“पाहुणे, मुलगी हितं उभी हाय,” आम्रपालीची आत्या केसरबाई दारातून म्हणाली.

“बघतो ना. मुलगी बघायला काय, आयुष्य पडलंय. या नळीची मुदत मागच्या वर्षीच संपली,” ते उठत म्हणाले, आणि समोर उभ्या असलेल्या उंचपुऱ्या मुलीकडे मान वर करून पाहिलं. “हे तुमच्यापैकी कुणी बघत नाही का?”

असं पहिलं दर्शन. त्या दिवशी रात्री आम्रपालीच्या वडिलांनी नळी बदलली आणि होकारही कळवला. ज्या घरात इतकी काळजी घेतात तिथे मुलगी सुखरूप राहील, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते चुकीचं नव्हतं. मुलगी सुखरूपच राहिली.

कोंडीराम गायसमुद्रे चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झाले होते. काळेवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी कंपनीतून काही आणलं असेल तर ती तिथली शिस्त. कंपनीत हत्यारांसाठी एक मोठा फळा असे. प्रत्येक हत्यार खिळ्याला टांगलेलं, आणि त्याच्यामागे फळ्यावर त्याच्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली. पाना जागेवर नसला की पान्याची नुसती सावली दिसते आणि लांबूनच कळतं काय गायब आहे. याला शॅडो बोर्ड म्हणतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात कोंडीरामांनी घराच्या मधल्या भिंतीवर असाच एक फळा ठोकला. कात्री, टॉर्च, पक्कड, सांडशी, घराच्या किल्ल्या, सगळ्यांच्या मागे त्यांच्या त्यांच्या काळ्या आकृत्या.

“माझी पण काढा की येक,” त्यांची बायको भिमाबाई म्हणाली होती. “मी विहारात गेले की कळंल तुमास्नी, बायको जाग्यावर न्हाई म्हून.”

“तुझी आकृती मावायला भिंत पुरायची नाही.”

“व्हय, आन तुमची काढायला खडूचा तुकडा पुरंल.”

फळ्याची उंची कोंडीरामांनी स्वतःच्या खांद्याला धरून ठरवली होती. त्यामुळे आम्रपालीला कात्री काढतानाही वाकावं लागे. त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकू येई: वस्तूला जागा हवी, आणि जागा हाताशी हवी. शोधाशोधीत जो वेळ जातो त्यात अपघात होतात. तत्त्व खरंच होतं. त्यावर त्यांना कंपनीत तीन वेळा बक्षीस मिळालं होतं, आणि तिन्ही वेळा स्टीलचा डबाच.

त्यांचं दुसरं तत्त्व दारूविषयी होतं. पंचशीलातल्या पाचव्या शीलावर ते विहारात बोलायला उभे राहिले की माणसं हळूच चपला शोधायला लागत, कारण बोलणं लांबे. पण त्यांच्या शब्दाला किंमत होती. तरुणपणी वस्तीत त्यांनी दोन संसार दारूपायी बसलेले पाहिले होते, त्यांतला एक सख्ख्या भावाचा. घरात दारूचा थेंब येणार नाही, असं ते म्हणत, आणि येत नव्हताही. निदान तसं सगळे समजून होते.

आम्रपालीचा मुलगा आयुष जन्मला आणि चालायला लागला, तेव्हा कोंडीरामांनी फळ्याखाली आणखी एक छोटा फळा ठोकला. आयुषच्या खांद्याला उंची धरून. ही बाळाची रांग. तिथे त्याचा नॅपकिन, कंगवा, पाण्याची बाटली आणि टोपी. प्रत्येकामागे आकृती. दोन वर्षांचं पोर नॅपकिन वापरून परत आपल्या जागेवर टांगतं, हे बघायला शेजारची माणसं यायची. आम्रपालीने मोबाइलवर त्याचं चित्रण करून हिंजवडीतल्या आपल्या ऑफिसात दाखवलं होतं. मारुंजीत राहणारी तिची मैत्रीण म्हणाली, “तुझे सासरे आम्हाला आठवडाभर उसने दे.” आम्रपालीला तेव्हा मनापासून अभिमान वाटला होता. पुढे तिला सगळ्यात जास्त याच गोष्टीने खाल्लं, की अभिमान वाटला होता.

रांगेत पाचवी वस्तू आली ती कोंडीरामांचा मुलगा, म्हणजे आम्रपालीचा नवरा संघर्ष याच्यामुळे. तो चाकणला दुसऱ्या एका कंपनीत होता. त्या कंपनीने सुरक्षा सप्ताहात कामगारांना सॅनिटायझरचे पाच-पाच लिटरचे कॅन वाटले. साथ येऊन गेल्यापासून गोदामात पडून होते बहुतेक. कोंडीराम खूश. कॅनवर लिहिलेलं त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं. सत्तर टक्के अल्कोहोल, ज्वलनशील. मग कॅन गॅसपासून लांब, बाल्कनीत, सावलीत, माळ्याजवळच्या फळीवर ठेवला आणि त्यावर लाल अक्षरात लिहिलं: आगीपासून दूर. आग लागण्याचा धोका त्यांनी असा पुरता बंदोबस्त करून मिटवला.

रोज वापरायला मात्र कॅन गैरसोयीचा. घरात आयुषच्या टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या होत्या; कोंडीराम काहीच टाकून देत नसत. त्यांनी त्या उकळून, वाळवून त्यात सॅनिटायझर भरलं. बाटलीबरोबर मापाचं बूच होतंच, तेही ठेवलं. एका माणसाला एका वेळी एक बूच, नासाडी नको. प्रत्येक बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: ‘सॅनिटायझर. पिऊ नये.’ एक बाटली वरच्या फळ्यावर, एक बाळाच्या रांगेत. मागे बाटलीच्या आकाराची काळी आकृती.

“अण्णा, त्याला कुठे वाचता येतं?” आम्रपालीने एकदा विचारलं होतं.

“आज येत नाही. रोज नजरेखाली राहिलं की सवय लागते,” कोंडीराम म्हणाले. “आणि हात स्वच्छ करायची सवय आत्ताच लागायला पाहिजे, पोरी. मोठेपणी सांगून कुणी ऐकत नाही.”

तिला ते पटलं नव्हतं, आणि तिने ते ताणलंही नाही. सासऱ्यांनी गॅसपासून सुईपर्यंत सगळं सांभाळलेल्या घरात सुनेला काळजी करण्याचं कारण उरत नाही. काळजी करण्याचं काम जणू त्यांना कायमचं लावून दिलं होतं.

आयुष शिकला. बाहेरून आला की बाटली काढायचा, आजोबांपुढे धरायचा. आजोबा बुचात ओतायचे, “एक बूच!” म्हणायचे आणि त्याच्या तळव्यावर रिकामं करायचे. तो हात चोळायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. सकाळी आजी तशाच तपकिरी बाटलीतून, तशाच बुचाने त्याला टॉनिक पाजायची, तेव्हाही म्हणायची, “येक बूच!” आणि टाळ्या वाजवायची. त्यातलं कोणतं बूच हाताला आणि कोणतं तोंडाला, हे त्या मुलाने कशावरून ओळखायचं, असा प्रश्न घरातल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

शनिवार होता. संघर्ष पहिल्या शिफ्टला गेलेला. आम्रपालीला सुट्टी, म्हणून ती चादरी धुवायला बसलेली. आयुषने सकाळी उपमा ढकलून दिला होता, दूधही अर्धं टाकलं होतं. भिमाबाई म्हणाली, “भूक लागली की मागंल.” कोंडीराम बाहेर ओट्यावर बसून शेजारच्या रोहिदासला त्याच्या रिक्षातला आग विझवायचा डबा कुठे बसवावा हे समजावत होते.

आम्रपाली चादर पिळून आत आली तेव्हा आयुष दाराशी उभा होता, खदखदून हसत. त्याला ठसका लागून गेला होता, डोळ्यांत पाणी होतं. दोन पावलं टाकली आणि भिंतीवर आदळला. पुन्हा हसला.

“आई, हा असा काय चालतोय?”

“गरागरा फिरला आसंल. सकाळपासनं त्येच चाललंय.”

ते खरंही होतं. सकाळपासून तो गोल गोल फिरत होता. आम्रपाली चादर वाळत घालून आली तर तो दिवाणाला टेकून बसला होता, मान कलती. भिमाबाईने त्याला मांडीवर घेतलं. “झोप आली बघ. बरं झालं, जरा निवांत ऱ्हाईल. नको उठवू.”

“या वेळेला झोप?”

“लेकराच्या झोपंला काय भोंगा वाजाया लागतो काय गं?”

आम्रपालीने त्याच्या गालाला हात लावला. गाल गार होता आणि घामाने ओला. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर चादर घटकेत वाळत होती, आणि पोर गार. तिने तोंड जवळ नेलं. लिंबाचा, औषधी वास आला. पण त्या वासात विशेष काही नव्हतं. या घरात सगळ्यांच्याच अंगाला दिवसभर तोच वास यायचा. दुसऱ्या कुठल्याही घरात त्या वासाने आई दचकली असती.

ती उठली ती त्याचं अंग पुसायला नॅपकिन घ्यावा म्हणून. बाळाच्या रांगेशी वाकली. नॅपकिन होता, कंगवा होता, पाण्याची बाटली होती, टोपी होती. शेवटच्या खिळ्याखाली मात्र सॅनिटायझरच्या बाटलीची नुसती काळी सावली होती.

बाटली दिवाणाखाली सापडली, आडवी. शेजारी बूच. फरशीवर थोडं ओलं. आदल्या रात्रीच काठोकाठ भरलेल्या बाटलीतलं बरंच गेलेलं.

“अण्णा!”

कोंडीराम आत आले. तिच्या हातातली बाटली पाहिली, मांडीवरचा नातू पाहिला. “मीठ. मीठपाणी आण गं, उलटी काढू. कंपनीत शिकवलंय.”

“लिंबू द्या, लिंबानं उतरतंय,” भिमाबाई रडत उठली.

आम्रपालीचा फोन तोवर लागला होता. आयुषचं लसीकरण ज्या कडलक मॅडम करायच्या, त्यांचा दवाखाना पुढच्याच चौकात होता. खाली लहान मुलांच्या पाच-सहा खाटाही होत्या. कोंडीरामांनी फळ्याशेजारी लावलेल्या कागदावर अग्निशमन दल, वीज मंडळ, गॅसवाला आणि पोलीस असे सगळे नंबर होते. मुलांच्या डॉक्टरचा नव्हता. तो आम्रपालीच्या मोबाइलमध्ये होता.

“हाक मारल्यावर बघतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

“डोळे उघडतो, लगेच मिटतो.”

“मग तोंडात काही म्हणजे काही घालू नका. पूर्ण जागा असता तर गोड पाजायला सांगितलं असतं. गुंगीत पाजलं तर श्वासनळीत जाईल.”

“मीठपाणी, उलटी—”

“अजिबात नको! मिठाने दुसरंच संकट उभं राहील, आणि उलटी छातीत गेली तर तिसरं. कुशीवर धरा, अंगावर पांघरूण घाला, श्वासाकडे लक्ष ठेवा आणि निघा. बाटली बरोबर आणा. वाहन आहे?”

रोहिदासची रिक्षा दारातच होती.

रिक्षात आयुष आईच्या मांडीवर कुशीवर होता, शेजारी भिमाबाई. कोंडीराम समोर लाकडी फळीवर अंग चोरून बसले होते आणि त्याच्या पोटाच्या वरखाली होण्याकडे डोळे लावून होते. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मुलाचा डावा हात ताठ झाला आणि दोन-तीनदा झटके देऊन सैल पडला.

टेबलावर ठेवल्या ठेवल्या नर्सने त्याचं बोट टोचलं. आम्रपालीला वाटलं होतं की पोटात नळी घालतील, पोट धुतील. इथे तर साखर बघत होते, म्हाताऱ्या माणसांची बघतात तशी.

“अडतीस,” नर्स म्हणाली. ती सत्तरच्या वर तरी असायला हवी होती.

“दहा टक्के डेक्स्ट्रोज घे. लगेच,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्या दोघी कामाला लागल्या. मुलाची शीर सापडेना. पहिली सुई चुकली, दुसरी लागली. नळीतून साखरेचं पाणी आत जाऊ लागलं. नाकाला ऑक्सिजन, बोटाला चिमटा, अंगावर गरम पांघरूण. मग थांबणं. त्या थांबण्यात आम्रपालीला फक्त यंत्राचा बारीक आवाज ऐकू येत होता, आणि आपल्या चादरी दोरीवर आहेत असा एक निरर्थक विचार पुन्हा पुन्हा येत होता.

साखर वर आली. आयुष कण्हला, पाय ओढून घेतला. डॉक्टरांनी खुर्ची ओढली.

“किती प्यायला, काही अंदाज?”

“पंचवीस मिली कमी आहे,” कोंडीराम म्हणाले. त्यांना अंदाजाची गरज नव्हती. बाटलीवर पेनाने खुणा केलेल्या होत्या.

“त्यातलं पोटात किती आणि फरशीवर किती?”

कोंडीरामांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि टेबलावर ठेवली.

“आजोबा, म्हणून मी खुणेवर जात नाही, रक्तातली साखर बघते. हे दारूपेक्षाही कडक असतं. बाराएक किलोच्या मुलाला दोन-तीन घोटही जड जातात. झिंग येणं, तोल जाणं, मग गुंगी, श्वास मंदावणं. पण लहान मुलांत आणखी एक घात असतो, तो दिसत नाही. पोटात अन्न नसलं की रक्तातली साखर लिव्हर भरून काढतं. आधी साठ्यातली देतं, मग नवीन बनवतं. अल्कोहोल आलं की लिव्हर ते निपटण्यात गुंततं आणि साखर बनवणं बंद पडतं. मोठ्या माणसाचा साठा मोठा, तो तग धरतो. याचा साठा केवढा? आणि सकाळी काही खाल्लेलं नाही म्हणता. मेंदूला साखर मिळाली नाही की फिट येते. तुम्ही पायऱ्यांवर बघितलीत ती तीच. झोपलाय म्हणून अजून झोपू दिला असता तर...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

भिमाबाईने पदर तोंडात धरला.

“म्हणजे मॅडम,” कोंडीराम सावकाश म्हणाले, “गोदामात माल आधीच थोडा. आणि त्यात मशीन दुसऱ्या ऑर्डरला लावलं.”

“अगदी तसंच.”

“मग आता शुद्धीवर आला की...”

“घरी नाही. मशीन अजून त्या ऑर्डरवरच आहे ना? ही साखर मी बाहेरून देतेय. थांबवली की परत पडू शकते, काही तासांनीसुद्धा. रात्रभर इथेच. पुन्हा पुन्हा बोट टोचणार. तो रडेल, तुम्ही रडू नका.”

मग त्यांनी बाटली हातात घेतली, चिठ्ठी वाचली. “अक्षर सुंदर आहे. कुणाचं?”

“माझं,” कोंडीराम म्हणाले. “भरली पण मी. जागा पण मीच केली.”

डॉक्टर त्यावर काही बोलल्या नाहीत. आम्रपालीला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

विषबाधेची केस म्हणून दवाखान्याने रीतीप्रमाणे पोलीस चौकीला कळवलं होतं. दुपारी एक हवालदार आले. ते खूप दमलेले होते, आणि केसचा कागद त्यांनी रस्त्यात एकदाच वाचलेला दिसत होता.

“मूल अडीच वर्षांचं, अल्कोहोल प्यालेलं,” ते म्हणाले. “घरात कोण घेतं?”

“कुणीच घेत नाही, साहेब,” कोंडीराम उभे राहिले.

“सगळे असंच म्हणतात, काका. मुलाचे वडील?”

“सुपारीही खात नाहीत,” आम्रपाली म्हणाली.

“मग तुम्ही? रिटायर आहात. संध्याकाळी जरा... समजू शकतो. रोज किती?”

ज्या माणसाने चाळीस वर्षं विहारात पाचव्या शीलावर लोकांचे कान किटवले, त्याला हा प्रश्न एक सरकारी माणूस अगदी आपुलकीने विचारत होता. भिमाबाईच्या तोंडून अशा वेळीही एक हुंदका आणि एक हसू एकदमच बाहेर पडलं. “अवो, त्येंनी कुणाच्या वरातीत सुदिक तोंडाला लावली न्हाई! वस्तीतली माणसं त्येंच्याफुडं बाटली लपवत्यात.”

“मग घरात दारू आली कुठून?”

“मी आणली,” कोंडीराम म्हणाले. “पाच लिटर. मुलाच्या कंपनीतून. मीच छोट्या बाटल्यांत भरली आणि नातवाच्या हाताला येईल अशी ठेवली. लिहा.”

हवालदारांनी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी बाटली दाखवून सगळं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना उलगडा झाला. “सॅनिटायझर होय,” ते म्हणाले आणि खिशातून स्वतःची छोटी बाटली काढून बघितली. “हे पण दारूच का?” त्यांच्या घरी तीन वर्षांची मुलगी होती. ती बाटली त्यांनी परत खिशात घातली ती बटण लावून. ‘हेतू नाही, अनवधान’ असं त्यांनी कागदावर लिहिलं. कोंडीरामांनी सही केली.

शिफ्ट सुटल्यावर फोन बघून संध्याकाळी संघर्ष चाकणहून धावत आला. तोपर्यंत आयुषची साखर एकदा पुन्हा खाली आली होती. डॉक्टरांनी साखरेच्या पाण्याचा वेग वाढवला होता. संघर्ष बापाशी बोलला नाही. बोलण्यासारखं बरंच होतं, पण कोंडीराम खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर इतके लहान होऊन बसले होते की बोलणार कुणाशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. खाटेच्या कडेला अडकवलेल्या सॅनिटायझरचा पंप दाबून तिने हात चोळले. आयुष उशीला टेकून बसला होता, हाताला पट्टी, ओठ सुकलेले. ते पाहून त्याने आपला मोकळा तळवा पुढे केला.

“अगं बाई! किती शहाणं बाळ!” नर्स म्हणाली. “कुणी शिकवलं रे तुला?”

आयुषने आजोबांकडे बोट दाखवलं. कोंडीराम उठून व्हरांड्यात गेले.

आम्रपाली मागोमाग गेली. रात्रभर तिने मनात त्यांना बरंच काही सुनावलं होतं. चांगली धारदार वाक्यं तयार होती. ते कठड्याला धरून उभे होते. कठडा त्यांच्या छातीपर्यंत येत होता.

“अण्णा.”

“माहेरी जायचं असेल तर मी संघर्षला सांगतो,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “पोर माझ्यापाशी ठेवू नकोस. तुझं बरोबर आहे.”

तिने खांद्यावरची पर्स काढून कठड्यावर ठेवली. पर्सच्या पट्ट्याला रबराच्या रंगीत बेडकात बसवलेली सॅनिटायझरची छोटी बाटली लोंबत होती. ऑफिसातून आल्यावर ही पर्स ती रोज दाराच्या कडीला अडकवायची. बेडूक आयुषला फार आवडायचा.

“मी पण ठेवलंच होतं की,” ती म्हणाली. “चिठ्ठीसुद्धा नव्हती माझ्या बाटलीवर.”

कोंडीरामांनी बेडकाकडे पाहिलं. “याला जागा कुठली?” त्यांनी विचारलं. स्टोअरच्या माणसाचाच तो प्रश्न होता, पण आवाज वेगळा होता.

सोमवारी आयुष घरी आला, पोटभर मऊ भात खाऊन. त्या दिवशी कोंडीरामांनी गुडघ्यावर बसून घराचा राउंड घेतला. आयुषच्या डोळ्यांनी घर कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं. भिमाबाई त्यांच्यामागून पिशवी घेऊन फिरत होती.

“हे बघ, संघर्षचं दाढीनंतरचं पाणी. वाच काय लिहिलंय.”

“मला वाचता येत आसतं तर तुमच्याशी लगीन केलं आसतं व्हय?”

अत्तराची बाटली, तोंड खळबळायचं औषध, खोकल्याचं जुनं औषध, स्टोव्ह पेटवायचं निळं स्पिरिट. पिशवी भरत गेली. जिथे तिथे अल्कोहोल निघालं. दारूचा थेंब नसलेल्या घरात इतकी दारू होती, हे पाहून भिमाबाई म्हणाली, “आता हवालदाराला परत बोलवा. खरं सांगून टाकू.”

कॅन संघर्षने कंपनीत परत नेऊन दिला. टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या कोंडीरामांनी स्वतः मोडून कचऱ्यात टाकल्या, आणि टाकताना त्यांचा जीव थोडा तुटला, हेही आम्रपालीने पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी पाठ केलं होतं: मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत काही भरायचं नाही, खाण्यापिण्याच्या बाटलीत तर कधीच नाही, जे ठेवायचं ते उंच आणि कुलपात, झाकण मुलांना उघडणार नाही असं असलं तरी त्याच्यावर विसंबायचं नाही, आणि घरी हाताला साबण आणि पाणी पुरे. बाहेर कुठे लागलंच तर मोठ्या माणसाने आपल्या हाताने द्यायचं, वाळेपर्यंत मुलाचा हात धरून ठेवायचा आणि बाटली परत वर. नजर चुकून कुणी प्यायलंच तर बरं दिसेल, उतरेल म्हणून वाट बघायची नाही. मुलांच्या डॉक्टरचा नंबर त्यांनी कागदावर अग्निशमन दलाच्याही वर लिहिला.

कुलपाचं कपाट त्यांनी माळ्याच्या खाली, भिंतीत खूप वर बसवून घेतलं. सुतार म्हणाला, “काका, इतक्या वर? तुमचाच हात पोचायचा नाही.”

“तेच बघतोय,” कोंडीराम म्हणाले.

बाळाची रांग त्यांना काढून टाकायची होती. आम्रपालीने काढू दिली नाही. फक्त पाचवी आकृती पुसायला सांगितली. काळा रंग पक्का होता. घासला तरी पुसट राहिला. शेवटी त्या खिळ्यावर त्यांनी आयुषचा बोटाएवढा कुंचला टांगला, जो त्या आकृतीत अजिबात बसत नाही. आयुष तो रोज तिथे लावतो आणि दरवेळी थोडा वेळ बघत राहतो, कारण बाकी सगळं बसतं आणि हे बसत नाही, एवढं त्याला कळतं.

विहारात कोंडीराम अजून पाचव्या शीलावर बोलतात. बोलणं आता लहान झालंय. शेवटी ते बायकांना पर्स उघडून बघायला सांगतात आणि पुरुषांना खिसे. लोक चपला शोधत नाहीत, पर्सच शोधतात.

संघर्ष महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता. मग एका रविवारी तो नवीन मोटारसायकलचं तेल कुठे ठेवू म्हणून विचारायला आला, आणि ते दोघं शिडी घेऊन अर्धा दिवस भिंती मोजत राहिले.

त्या राउंडपासून कोंडीरामांचे गुडघे धरले आहेत. रात्री चोळायचं तेल त्या कपाटात असतं. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असते, आणि तेल काढून द्यायला ते रोज आम्रपालीला हाक मारतात.